सर्व फळं चालतील

माझं अक्षर चांगलं आहे, हा माझा जुना अभिमान. शाळेत फळ्यावर सुविचार लिहायला मलाच बोलवायचे. पुढे आहारतज्ज्ञ झाले, गाझियाबादच्या एका मोठ्या दवाखान्यात लागले आणि मराठी लिहायचा प्रसंगच उरला नाही. वडिलांची नोकरी केंद्र सरकारची. मी वर्ध्याची म्हणायची ती नावापुरतीच, वाढले दिल्लीत. घरात मराठी, दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी. त्यामुळे वॉर्डात कुणी मराठी बोलताना कानावर पडलं की मला भरतं येतं. एकदा या भरत्यानंच माझा घात केला.

खोलीच्या दारातूनच मला ऐकू आलं, "अहो, उशी जरा वर घ्या ना, यार." नवऱ्याला एकाच वाक्यात अहो आणि यार म्हणणारी बाई दिल्लीचीच मराठी असणार. मी आत गेले. काकू पंचावन्नच्या आसपासच्या, मूळ नांदेडच्या, एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. थायरॉइडच्या गाठीचं ऑपरेशन झालेलं. मानेच्या डाव्या बाजूच्या गाठीही काढलेल्या, त्यामुळे गळ्याभोवती जाड पट्टी आणि आवाज घोगरा. काका नुकतेच निवृत्त झालेले. परदेशातून येणारी फळं, बियाणं, रोपं तपासायची आणि कीड नसेल तरच देशात सोडायची, या खात्यात त्यांनी सगळी नोकरी काढली होती. माणूस शिस्तीचा. पलंगाशेजारच्या टेबलावर औषधांच्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावून, वर पेपरवेट म्हणून चष्म्याची डबी ठेवलेली.

काकूंच्या मानेतून एक बारीक नळी बाहेर आली होती आणि तिच्या टोकाला प्लास्टिकची डबी. जखमेतलं पाणी त्यात साठतं, रोज मोजायचं, कमी होत गेलं की नळी काढायची. पण तिसऱ्या दिवशी त्या डबीत पाण्याऐवजी दूध दिसलं. दूध म्हणजे खरं दूध नव्हे. आपण तूप-तेल खातो ते पचल्यावर साखरेसारखं थेट रक्तात जात नाही. आतड्यातून निघणाऱ्या वेगळ्या नळ्यांतून ते छातीतून वर चढतं आणि मानेच्या डाव्या बाजूला, अगदी मुळाशी, रक्ताला मिळतं. गाठी काढताना ही नळी कधीकधी दुखावते. काडीएवढी, पातळ भिंतीची, दिसतही नाही धड. मग ती गळत राहते. तिला मिटायला वेळ द्यायचा असेल तर तिच्यातली वाहतूक थांबवावी लागते. म्हणजे रोग्याच्या पोटात स्निग्ध काहीच जाऊ द्यायचं नाही. एवढं केलं की बहुतेक वेळा ती आपोआप मिटते. नाहीच मिटली तर मान पुन्हा उघडायची.

काकूंना त्याचीच धास्ती होती. पहिल्या ऑपरेशनच्या वेळी त्या हसत गेल्या होत्या, असं काका म्हणाले. दुसऱ्यांदा जावं लागेल एवढं नुसतं ऐकलं आणि त्यांनी माझा हात धरला. "मुली, पुन्हा नको गं," म्हणाल्या. "तू सांगशील ते खाईन. नको म्हणशील तर उपाशी राहीन. पण पुन्हा नको."

मला भरून आलं. आमच्याकडे अशा रोग्यांसाठी छापील तक्ता असतो, इंग्रजी आणि हिंदीत, दोन पानी, बारीक टायपाचा. तो द्यायचा आणि सही घ्यायची, एवढंच माझं काम. पण आपल्या माणसाला असलं रुक्ष बाड काय द्यायचं, म्हणून मी कोरा कागद घेतला आणि सुंदर अक्षरात, मराठीत, एका पानात मावेल असं लिहून दिलं. तूप, तेल, लोणी, साय, साधं दूध, अंड्याचा पिवळा भाग, मांस, मासे बंद. शेंगदाणे, तीळ, काजू, बदाम, नारळ, सुकं खोबरं बंद. भाज्या उकडून, फोडणीशिवाय. मग जरा दिलासा म्हणून खाली ठळक ओळ: सर्व फळं चालतील.

काकांनी कागद दोनदा वाचला. "वा, मॅडम," म्हणाले, "असा स्वच्छ कागद मी नोकरीत पाहिला नाही." मी दिवसभर हवेत होते.

जेवण दवाखान्याच्या स्वयंपाकघरातून यायचं. घरचं काही आणायचं नाही, फळं तेवढी आणा, असा नियम होता. उकडलेल्या दुधीला आणि बिनफोडणीच्या वरणाला काकूंनी कधी नाक मुरडलं नाही. गिळताना दुखायचं, तरी डोळे मिटून संपवायच्या. डबीतलं पाणी तीनशे मिलिलिटरवरून दीडशेवर आलं, मग नव्वदवर, मग चाळीसवर, रंगही दुधाचा जाऊन पातळ चहासारखा झाला. गुरुवारी सर्जन म्हणाले, असंच राहिलं तर शनिवारी नळी काढू. काकांनी मला हात जोडले. मीही ते नमस्कार खुशाल घेतले.

शुक्रवारी सकाळी नर्सनं मला फोन करून बोलावलं. डबीत दूध होतं. चोवीस तासांचं माप दोनशे ऐंशी.

सर्जन राउंडला आले, डबी उजेडात धरली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "सोमवार तक देखते हैं. नहीं रुका तो दोबारा खोलना पड़ेगा." काकूंनी भिंतीकडे तोंड केलं.

आता माझ्या रागाबद्दल सांगितलं पाहिजे. तो माझ्या नाकावर असतो, हे आईपासून नवऱ्यापर्यंत सगळे सांगतात. मी तडक तळमजल्यावर स्वयंपाकघरात गेले. तिथले इन्चार्ज साठीला टेकलेले, गढवालचे, कमी बोलणारे गृहस्थ. मी सगळ्यांसमोर त्यांच्यावर तोफ डागली. दाल में तेल किसने डाला, चमचा कौन सा था, कढ़ाई किसकी थी, एका बाईची मान पुन्हा कापायची वेळ तुमच्यामुळे आली आहे. ते ऐकून घेत राहिले. मग त्यांनी एक कुलूपबंद कपाट उघडून दाखवलं. त्यात एक पातेलं, एक पळी, एक झारा, तिन्हींना लाल धागा बांधलेला. "मैडम, उनका बर्तन मैं खुद धोता हूँ," एवढंच म्हणाले. माझा पारा थोडा उतरला, पण माफी मागायचं सुचलं नाही. सुचलं नाही कसलं, मागितली नाही.

वर आले. काका पाणी आणायला गेले होते. काकू पडून होत्या. त्यांनी काल काय काय खाल्लं ते घासागणिक विचारायचं म्हणून मी खुर्ची ओढली आणि माझं लक्ष खिडकीकडे गेलं. तिथे काचेच्या दोन ग्लासांत पाणी होतं आणि प्रत्येक ग्लासात एक मोठी, तपकिरी, गुळगुळीत बी. बीला टूथपिक टोचून ती अधांतरी टांगलेली, खालचं बूड तेवढं पाण्यात.

"काकू, हे काय?"

"मला झाडांचा नाद आहे ना," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "हे रागावताहेत. बाहेरून आलेली बी लावायची नसते म्हणतात. म्हटलं, नुसती पाण्यात ठेवते, अंकुर कसा फुटतो बघू दे."

"पण बी कशाची?"

"ते हिरवं फळ गं. लेकीनं आणलं. ॲव्होकाडो."

टेबलावर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं, ते उघडलं. आत एक केळं आणि त्याला चिकटून तिसरा ॲव्होकाडो, पिकायला ठेवलेला. अंगठ्यानं दाबला तर जेमतेम मऊ झालेला.

काका दारात उभे होते. माझा चेहरा बघून त्यांनी तांब्या खाली ठेवला. मी विचारलं, कधी दिला, किती दिला, कसा दिला. त्यांनी चौकशीत साक्ष द्यावी तशी माहिती दिली. मुलगी गुरुग्रामला नोकरी करते, तिथेच एका सोसायटीत राहते. गुरुवारी सुट्टी टाकून आली. आईला गिळताना त्रास होतो म्हणून सगळ्यात मऊ फळ शोधून आणलं, तीन नग. दुपारी एक आणि संध्याकाळी एक, चमच्यानं कुस्करून, लिंबू आणि मीठ घालून दिला. ती द्यायच्या आधी अडखळली होती. म्हणाली, बाबा, हे फळ की भाजी? कागदावर भाज्या उकडून द्यायच्या लिहिलंय, मग हे उकडायचं का? सॅलडमध्ये घालतात, मीठ लावून खातात, गोड तर नाहीच. तेव्हा निर्णय द्यायची जबाबदारी काकांवर आली.

"आणि मी दिला," काका म्हणाले. "म्हटलं, बेटा, मीठ लावलं म्हणून भाजी होत नाही. मी या फळाच्या कितीतरी पेट्या तपासल्यात. फुलाच्या एकाच बीजकोशापासून झालेलं, आत आंब्याच्या कोयीसारखं टणक कवच नाही, सालीपासून बीपर्यंत नुसता गर. वनस्पतिशास्त्रात याला बेरी म्हणतात, एकबीजी बेरी. द्राक्ष बेरी, टोमॅटो बेरी, तसा हाही. बेरी म्हणजे फळच. आणि मॅडमनी लिहिलंय, सर्व फळं चालतील."

"पण काका, त्यात तेल असतं. तुम्हाला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं." ते खुर्चीत बसले. "तेच तर. माझ्या मनात आलंही होतं. पण तुमच्या कागदात नारळ बंद होता, बदाम बंद, तीळसुद्धा बंद. म्हटलं, ज्या बाईंनी तिळापर्यंत विचार केलाय त्यांनी ॲव्होकाडोचा केला नसेल का? चालत नसता तर लिहिला असता. आमच्याकडे तोच नियम होता. बंदीच्या यादीत नाव नसेल तर माल सोडायचा, आपली अक्कल चालवायची नाही."

मी तो तिसरा ॲव्होकाडो उचलला आणि खोलीबाहेर पडले. माझ्या टेबलाच्या खणात छापील तक्ते होते. एक काढला. फळांच्या रकान्यात लिहिलं होतं, सर्व फळे, अपवाद: नारळ, ऑलिव्ह, ॲव्होकाडो. चांगलं दोन्ही भाषांत समजेल असं लिहिलेलं. मला ती ओळ पाठ होती. अशा पथ्यात आम्ही फळ की भाजी हे बघतच नाही, ॲव्होकाडोला तेला-तुपाच्या रांगेत बसवतो. मराठीत लिहिताना नारळ मी आवर्जून घेतला होता, सुकं खोबरं वेगळं लिहिलं होतं. आणि ऑलिव्ह, ॲव्होकाडो गाळले होते. विसरून नव्हे. लिहिताना मनात आलेलं मला स्वच्छ आठवत होतं: आपली माणसं, ही कुठून ॲव्होकाडो खायला जातात!

किती वेळ खणाशी उभी होते कोण जाणे. शेवटी खोलीत फोन करून नर्सला सांगितलं की फळं माझ्या परवानगीशिवाय द्यायची नाहीत. कारण सांगितलं नाही. सांगू, म्हटलं, डॉक्टर आले की.

दुपारी मुलगी आली. सत्तावीस-अठ्ठावीसची, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच. काकांनी तिला फोनवर सगळं सांगितलं असावं, कारण ती आल्या आल्या आईच्या पायाशी बसली आणि रडायला लागली. "मैंने ही किया," म्हणाली, मग मराठीत, "मीच आईला परत टेबलावर पाठवणार." तिला मराठीत रडायचे शब्द पुरत नव्हते, मधेच हिंदीवर यायची. मी तिथेच होते. एक वाक्य बोलले असते तर तिचं रडं थांबलं असतं. मी पाण्याचा ग्लास पुढे केला. आजही ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

साडेतीनला सर्जन आले. नर्सनं त्यांना दोन ग्लासांतल्या बिया दाखवल्या. ते वाईट माणूस नव्हते, पण त्यांचेही सहा तास ऑपरेशनच्या टेबलाशी उभ्यानं गेले होते. "ये एवोकाडो किसने खिलाया? पढ़े-लिखे लोग हैं आप. डाइटीशियन रोज़ आती हैं, फिर भी घरवाले अपने मन का खिलाते हैं." मुलगी काही बोलणार तेवढ्यात काका उठले. खिशातून घडी केलेला कागद काढला, माझाच, आणि त्यांच्या पुढे धरला. "साहब, बच्ची ने पूछकर खिलाया. पास मैंने किया. ये देखिए, मेरे दस्तखत हैं."

मी कागद पाहिला. 'सर्व फळं चालतील' या माझ्या ठळक ओळीशेजारी लाल शाईत बरोबरची खूण होती आणि खाली त्यांच्या लहान, टोकदार अक्षरात: ॲव्होकाडो. एकबीजी बेरी. कठीण कवच नाही. फळ म्हणून ग्राह्य. देण्यास हरकत नाही. मग आडवी सही आणि तारीख. त्यांनी बायकोच्या तोंडात घास जाण्याआधी रीतसर शेरा मारला होता. आणि आता तोच शेरा पुरावा म्हणून स्वतःविरुद्ध हजर करत होते, कारण मुलीवर खापर फुटू द्यायचं नव्हतं.

मग मात्र मला गप्प राहवलं नाही. "सर, गलती इनकी नहीं है," मी म्हणाले. "छपे हुए चार्ट में एवोकाडो साफ़ मना है. मैंने वो चार्ट दिया ही नहीं. हाथ से मराठी में लिखकर दिया और वो लाइन मैंने छोड़ दी."

"छोड़ दी? क्यों?"

खोटं बोलता आलं असतं. घाईत राहिलं म्हणता आलं असतं. पण काका तो कागद अजून हातात धरून उभे होते. "मुझे लगा," मी म्हणाले, "हमारे लोग एवोकाडो कहाँ खाते होंगे."

मुलीनं डोळे पुसले आणि माझ्याकडे पाहिलं, रागानं नव्हे, पण पाहिलं. सर्जननी नर्सला पट्टी घट्ट करायला सांगितलं. मला म्हणाले, लिखकर दे दीजिए. सोमवार तक वेट करते हैं. ते गेल्यावर काकांनी कागदाची आधीच्याच घडीवर घडी घातली आणि खिशात ठेवला. मी मागितला तर दिला नाही.

मी माझ्या टेबलावरचा तिसरा ॲव्होकाडो घेऊन तळमजल्यावर गेले. स्वयंपाकघराचे इन्चार्ज भाज्यांच्या पेट्या मोजून घेत होते. सकाळी जितके लोक हजर होते तितके पुन्हा गोळा होतील अशी आशा नव्हती, पण होते तेवढ्यांसमोर मी माफी मागितली आणि काय घडलं ते सांगितलं. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, उलटसुलट पाहिला. "हम तो इसको सब्ज़ी वाले रैक पर रखते हैं," म्हणाले. "ऊपर प्राइवेट रूम के सलाद के लिए आता है. फल है ये?" म्हटलं, शास्त्रात फळ, तुमच्याकडे भाजी आणि माझ्याकडे तेल. त्यांनी मान हलवली आणि तो भाज्यांच्या फळीवर ठेवून दिला. लाल धाग्याच्या पातेल्यात त्या संध्याकाळचं वरण त्यांनीच शिजवलं.

शनिवारी डबीत दोनशे दहा. रंग जरा उतरलेला, पण दूधच. मला सुट्टी होती तरी गेले. काकू झोपल्या होत्या. काका बाहेर बाकावर बसले होते, मी शेजारी बसले. मी विचारलं, "काका, पण हे झाड असं का करतं? बाकीची फळं साखर भरतात. यालाच एवढं तेल कशाला?"

त्यांचा चेहरा जरा उजळला. माणसाला त्याच्या विषयातलं विचारलं की तो दुःखातूनही दोन पावलं बाहेर येतो. म्हणाले, फळाचा गर म्हणजे झाडानं दिलेली लाच. कुणीतरी खावं आणि बी लांब नेऊन टाकावी म्हणून. साखर स्वस्त, ती बहुतेक झाडं देतात. तेल बनवायला झाडाला जास्त खर्च, पण खाणाऱ्यालाही त्यात दुपटीनं ताकद. ॲव्होकाडोची बी केवढी ते बघितलंत ना? दाट जंगलातल्या सावलीत रोपाला सुरुवातीला शिदोरी लागते, म्हणून ती मोठी. एवढी बी गिळायची तर गिऱ्हाईकही मोठंच हवं. मध्य अमेरिकेतलं हे झाड. तिथे पूर्वी अवाढव्य जनावरं होती, ती अख्खं फळ गिळत असतील, असं काही शास्त्रज्ञांना वाटतं. पक्कं कुणी सांगू शकत नाही. ती जनावरं संपली, तोवर माणूस आला, त्यानं लावायला घेतलं.

"आणि गंमत ऐका," ते म्हणाले. "हे फळ झाडावर पिकतच नाही. टणक लटकत राहतं. जितके दिवस लटकेल तितकं आतलं पाणी कमी आणि तेल जास्त. तोडलं की मगच मऊ व्हायला लागतं. आमच्याकडे पेट्या यायच्या त्या दगडासारख्या. मी आयुष्यभर साल तपासली, देठ तपासले, कीड शोधली. भिंगातून बघायचो. एकदाही चाखलं नाही. तपासायच्या मालाला तोंड लावायचं नसतं." मग म्हणाले, "गुरुवारी दुपारी हिनं दोन चमचे मला देऊ केले होते. मी म्हटलं, तू खा, तुला ताकद हवी. खाल्ले असते तर संध्याकाळचा दिला नसता."

मी म्हणाले, "काका, चूक माझी आहे, तुम्ही सारखं स्वतःवर घेऊ नका."

"तुमची आहेच," ते म्हणाले. मला अपेक्षित नव्हतं. "तुम्ही आम्हाला ओळखलं नाहीत. पण तुम्ही ते सगळ्यांसमोर सांगितलंत, त्यामुळे पोरगी काल जेवली. मला तेवढं पुरे आहे."

रविवारी नव्वद. सोमवारी सकाळी सात वाजता मी वॉर्डात पोहोचले तेव्हा नर्स माप लिहीत होती. तीस. पातळ चहासारखं, आरपार दिसणारं. सर्जननी डबी उजेडात धरली, जरा जास्तच वेळ धरली आणि म्हणाले, "नहीं खोलेंगे." माझा जीव भांड्यात पडला. काका भिंतीला टेकले. मुलगी फोन घेऊन बाहेर पळाली, बहुतेक रडायलाच. दोन दिवसांनी नळी निघाली.

सगळे पांगल्यावर मी काकूंपाशी बसले. त्यांचा आवाज थोडा सुटला होता. खिडकीतल्या एका बीच्या तपकिरी सालीला मधोमध बारीक भेग पडली होती, तिच्याकडे बघत त्या म्हणाल्या, "एक सांगू? रागावणार नाहीस ना?"

"मी कोणत्या तोंडानं रागावू, काकू?"

"मला पहिल्याच चमच्याला कळलं होतं."

"काय?"

"हे लोणी आहे म्हणून. लहानपणी आई ताक घुसळायची, बोटावर चाटवायची. अगदी तसं. किती दिवसांनी घशातून काहीतरी न दुखता उतरलं होतं. जीभ सांगत होती, बाई, हे काही तुझ्या पथ्यातलं नाही."

"मग थांबला का नाहीत?"

"लेक सुट्टी टाकून आली होती. ह्यांनी चष्मा लावून शेरासुद्धा लिहिला होता. तुझा तो एवढा सुरेख कागद. तुम्ही सगळे इतके शिकलेले, माझ्यासाठी जिवाचं रान करत होतात. म्हटलं, माझ्या जिभेला काय कळतं." त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "आणि मला कुणी विचारलंही नाही, कसं लागतंय म्हणून."

मी त्यांना रोज विचारायचे. किती खाल्लं, कधी खाल्लं, किती ग्रॅम, किती वाट्या. डबीत किती आणि रंग कोणता, हे तर दिवसातून चारदा. कसं लागलं, हे मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं. त्यांना काय, नोकरीला लागल्यापासून कुणालाच विचारलं नव्हतं. मी तिथे बसून चक्क रडले आणि काकूंनी मला पाणी दिलं.

आता मी रोग्याला छापील तक्ताच देते, न गाळता, आणि शेजारी खुर्ची ओढून बसते. कागदाबद्दल बोलायच्या आधी विचारते, काल जे खाल्लंत ते कसं लागलं?